लग्नपत्रिकेतील चारोळी (ग्रामीण विदर्भ)

लग्नपत्रिकेच्या मुख्य मजकुराबाहेर छापलेल्या चार ओळींच्या यमकबद्ध पद्याला चारोळी म्हणतात. (सुक्या मेव्यातली चारोळी वेगळी, ती शिऱ्यात जाते.) ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘अगत्याचे आमंत्रण’पर्यंतचा मजकूर ठरीव असतो. त्यात घरच्यांना स्वतःचे काही म्हणता येत नाही, ते काम चारोळी करते. तिची जागा बहुधा निमंत्रकांच्या नावांखाली किंवा ‘चिमुकल्यांचा आग्रह’ या चौकटीत असते.

मंगलाष्टकांचे शार्दूलविक्रीडित वृत्त एकोणीस अक्षरांचे आहे. पत्रिकेच्या अरुंद चौकटीत तेवढी ओळ मावत नाही. ओळ मोडली की यमक मध्येच अडकते आणि वाचणाऱ्याला ते सापडत नाही. म्हणून आठ अक्षरांची ओळ सोयीची पडते. मोजताना जोडाक्षर एकच धरायचे आणि अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. ‘लक्ष्मी’ म्हणजे दोन अक्षरे.

या नोंदीसाठी रचलेला एक कच्चा खर्डा पाहू. नवरदेवाचे घर शेतकऱ्याचे, लग्न वैशाखात:

तूर विकून झाली बाजारात,
आता घरात लक्ष्मी येणार;
आशीर्वाद द्यायला या सारे,
जेवायला जिलेबी मिळणार.

कल्पना चांगली आहे, पण ओळी अकरा, दहा, दहा आणि अकरा अक्षरांच्या झाल्या. ‘येणार–मिळणार’ हे क्रियापदाच्या शेपटीचे यमक आहे, ते कोणालाही जुळवता येते. ‘सारे’ नुसती भरती आहे. शिवाय जिलेबीचा विनोद ‘मिळणार’मुळे जाहिरातीसारखा वाटतो. खर्डा आठ अक्षरांत बसवला की असा होतो:

तूर गेली बाजाराला,
घरी येते लक्ष्मी आता;
आशीर्वाद तुम्ही द्यावा,
जिलेबी घ्या जाता जाता.

आता पहिल्या ओळीतून पैसा आणि दुसरीतून सून अशा दोन लक्ष्म्या घरात येतात, त्यातला मिस्कीलपणा वेगळा सांगावा लागत नाही. आशीर्वाद आधी आणि जिलेबी नंतर हा क्रमही जपावा. उलट केले तर पाहुण्यांना जेवणासाठीच बोलावल्यासारखे होते.

मात्र हीच चारोळी मार्गशीर्षातल्या पत्रिकेवर छापली तर गावात हसे होईल, कारण तेव्हा तूर शेतात उभी असते. तिथे ‘सोयाबीन बाजाराला’ चालते. अक्षरे आठच राहतात आणि पीकही निघालेले असते. मुलीकडच्या पत्रिकेसाठी ‘येते’च्या जागी ‘जाते’ घालण्याची चूक करू नये. ‘लक्ष्मी जाते’ हे कोणत्याच घराला सहन होणार नाही. ‘नव्या घरी लेक आता’ अशी दुसरी ओळ घेतली की यमक टिकते आणि बोलही शुभ राहतो.

वऱ्हाडी बोली मुख्य मजकुरात सहसा येत नाही, पण चिमुकल्यांच्या तोंडी ती शोभते:

माह्या काकाच्या लग्नाले
येजा तुम्ही लवकर;
आशीर्वाद काकाले द्या,
मले लाडू पोटभर.

इथे ‘येजा’ हेच रूप हवे. ‘येजो’ हे बरोबरीच्याला किंवा लहानाला म्हणतात. पत्रिका तर आजोबा-मामांच्या हातात जाणार. विनोदाचा रोखही घरच्याच पोराच्या लाडवावर आहे. हुंडा, नवरीचा रंग, सासूचा जाच किंवा व्याह्यांच्या पाहुणचारावरचा विनोद मांडवात तोंडी खपून जातो, पण छापून आला की व्याही तो कागद जपून ठेवतात.

छपाईतली अडचण बहुधा टंकात असते. चारोळी व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये लिहून पाठवलेली असते आणि दुकानातला संगणक जुन्या पद्धतीच्या टंकावर चालतो. मजकूर तसाच चिकटवला तर अक्षरांचा चिवडा होतो, म्हणून चालक तो पुन्हा टाइप करतो. तेव्हा ‘वऱ्हाडी’तला ऱ्ह सुटतो, ‘माह्या’चे ‘माझ्या’ होते, ‘लग्नाले’चे तर हमखास ‘लग्नाला’ होते, कारण त्याला ती चूक वाटते. प्रूफ मोबाइलच्या फोटोत न पाहता कागदावर मागवावे आणि ज्याने चारोळी रचली त्यानेच ते मोठ्याने वाचावे. ओळ कुठे अडखळते ते कानाला लगेच कळते.