एकच सूत्र, तीन अणू: फुगडीतून पॉझिट्रॉनियमपर्यंत

२०२४ च्या फेब्रुवारीत सर्नमधल्या एजिस नावाच्या प्रयोगाची बातमी आली होती की त्यांनी लेझर मारून पॉझिट्रॉनियम थंड केलं, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण एकमेकांभोवती फिरून बनलेला अणू, साधारण ३८० केल्विनवरून १७० केल्विनपर्यंत. बहुतेक ठिकाणी हेडलाइन "अँटीमॅटर थंड केलं" अशी होती आणि खाली गॅमा लेझरची स्वप्नं. माझी नजर मात्र लेझरच्या आकड्यावर अडकली, २४३ नॅनोमीटर. कारण हायड्रोजनमध्ये पहिल्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उडी मारायला लागणारा प्रकाश १२१.६ नॅनोमीटरचा असतो, आणि त्याची दुप्पट केली की २४३ येतात. हा योगायोग नाही, आणि हे का होतं ते बारावीच्या फिजिक्सवर पूर्ण समजतं.

बोरचा हायड्रोजन आठवा. मध्ये प्रोटॉन, भोवती इलेक्ट्रॉन, आणि ऊर्जापातळ्या −१३.६ भागिले n चा वर्ग, इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये. पहिली −१३.६, दुसरी −३.४, फरक १०.२. पुस्तकात हे गणित करताना प्रोटॉन जागचा हलत नाही असं आपण गुपचूप धरून चालतो. पण खरं तर तो हलतो.

फुगडी खेळणाऱ्या दोन मुली बघा. दोघी सारख्या वजनाच्या असतील तर दोघींच्या बरोबर मधला बिंदू स्थिर राहतो आणि दोघीही सारख्याच मोठ्या वर्तुळात फिरतात. पण आजी आणि चार वर्षांची नात फुगडी घालत असतील तर आजी जवळजवळ जागच्या जागी फिरते आणि नात लांबून गरागरा. अणूत हेच होतं. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, म्हणजे अगदी जाडजूड आजी, पण तीसुद्धा थोडीशी सरकतेच.

आता गणित. दोघांमधलं अंतर r, वस्तुमानं m आणि M. इलेक्ट्रॉनचं मधल्या स्थिर बिंदूपासूनचं अंतर r नाही, ते r × M/(m+M) आहे, कारण ज्याचं वजन कमी त्याच्या वाट्याला जास्त अंतर. पण आकर्षणाचा जोर दोघांमधल्या पूर्ण r वर ठरतो, मधल्या बिंदूशी त्याचा संबंध नाही. इलेक्ट्रॉनला वर्तुळात फिरवायला लागणारं बल म्हणजे m गुणिले कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्याची स्वतःची त्रिज्या. ती त्रिज्या घातली की m च्या जागी एक नवीन गोष्ट तयार होते:

```
μ = m × M / (m + M)
```

यालाच रिड्यूस्ड मास म्हणतात. दोघांचा मिळून कोनीय संवेगही μ वापरूनच येतो, त्यामुळे बोरच्या सगळ्या पायऱ्या तशाच्या तशा चालतात, फक्त m दिसेल तिथे μ लिहायचा. दोन शरीरांचा प्रश्न एका काल्पनिक कणाचा होऊन जातो, आणि मला हे अजूनही सुंदर वाटतं. ऊर्जा μ च्या प्रमाणात वाढते, दोघांमधलं अंतर μ च्या व्यस्त प्रमाणात बदलतं:

```
E = -13.606 × (μ/m) / n²
r = 0.529 × (m/μ) × n²   (n = 1, 2, 3...)
```

इथे m हे इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, E इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये आणि r अँगस्ट्रॉममध्ये. हायड्रोजनमध्ये μ/m येतो ०.९९९४६, म्हणून पहिली पातळी −१३.६०६ ऐवजी −१३.५९८. फरक एवढासा, पण फालतू नाही. १९३१ मध्ये हॅरोल्ड युरीने ड्युटेरियम ओळखलं ते अशाच फरकावरून. केंद्रक दुप्पट जड झालं की हायड्रोजनची लाल रेषा ६५६.२८ वरून ६५६.१० नॅनोमीटरवर सरकते.

आता पॉझिट्रॉनियम. प्रोटॉन काढा, त्याच्या जागी पॉझिट्रॉन बसवा, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, वजन तेवढंच, चार्ज उलटा. आता दोन सारख्या मुलींची फुगडी! μ बरोबर अर्धा. पहिली पातळी −६.८, दुसरी −१.७, फरक ५.१. ऊर्जा अर्धी म्हणजे तरंगलांबी दुप्पट, आणि आले आपले २४३ नॅनोमीटर. १९५१ मध्ये एमआयटीत मार्टिन डॉइचने हा अणू शोधला.

इथे बऱ्याच जणांची गडबड होते ती अंतरात. लोक म्हणतात अणू दुप्पट मोठा झाला. दोन कणांमधलं अंतर दुप्पट झालं हे खरं, १.०६ अँगस्ट्रॉम, पण प्रत्येक कण मधल्या बिंदूपासून ०.५३ वरच आहे, हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनइतकाच.

आणि हा अणू टिकत नाही. स्पिन समांतर असतील तर सरासरी १४२ नॅनोसेकंदांत दोघं एकमेकांना संपवून गॅमा किरण होतात, उलटे असतील तर ०.१२५ नॅनोसेकंदांतच. म्हणून एजिसवाल्यांना लेझर फक्त ७० नॅनोसेकंद चालवायचा होता. बाजारात "क्वांटम एनर्जी"ची पेंडंट आणि ब्रेसलेट विकतात त्यांना माझं सरळ सांगणं आहे, क्वांटम ऊर्जा म्हणजे हे मोजता येणारे आकडे, एका ठरलेल्या तरंगलांबीला दिसणारी रेषा. पेंडंटमधून तसं काही मोजून दाखवता येत नाही, पैसे घालवू नका.

आता उलट दिशेने जाऊ. प्रोटॉन ठेवा, इलेक्ट्रॉन काढा आणि त्याच्या जागी म्युऑन, चार्ज इलेक्ट्रॉनसारखाच असलेला कण, जो इलेक्ट्रॉनच्या २०६.८ पट जड आहे. हे वाचलं की हात शिवशिवतात आणि माणूस १३.६ ला थेट २०६.८ ने गुणून २८१३ काढतो. चुकलं! म्युऑन प्रोटॉनच्या साधारण नवव्या हिश्श्याइतका जड आहे, नात आता बरीच मोठी झालीय आणि आजीला चांगलीच ओढते. μ/m येतो १८५.८, पहिली पातळी −२५२८. दुसऱ्यावरून पहिल्यावर पडताना निघणारा एक्स-रे १.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, आणि प्रयोगात एवढाच दिसतो. चुकीच्या गणिताने २.११ आला असता, म्हणजे डिटेक्टरवर दोन्ही उत्तरं स्पष्ट वेगळी दिसली असती.

अंतर मात्र १८६ पट आकसतं, २८५ फेम्टोमीटर. म्हणजे म्युऑन प्रोटॉनच्या आत सापडण्याची शक्यता साधारण १८६ चा घन, चौसष्ट लाख पट वाढते. आणि आत गेल्यावर ओढ कमी पडते, कारण चार्ज एका बिंदूत नसून पसरलेला असतो, त्यामुळे s पातळ्या किंचित वर सरकतात. हे सरकणं रिड्यूस्ड मासच्या सूत्रात कुठेच नाही, त्या सूत्राला प्रोटॉन बिंदूच वाटतो. तसंच पॉझिट्रॉनियमच्या बारीक रेषाही नुसत्या अर्ध्या करून मिळत नाहीत, तिथे स्पिनमुळे पडणारी फूट २०३ गिगाहर्ट्झ आहे, हायड्रोजनमध्ये फक्त १.४२, कारण पॉझिट्रॉनचं चुंबकत्व प्रोटॉनच्या शेकडो पट आहे आणि दोघं एकमेकांना संपवू शकतात याचाही त्यात वाटा आहे. मोठी शिडी μ देतो, पायऱ्यांवरच्या बारीक चिरा प्रत्येक अणूच्या स्वतःच्या.

स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये प्रोटॉनच्या आकारामुळे s पातळ्या सरकतात नेमक्या त्या चिरेवर काम झालं. म्युऑन जेमतेम २.२ मायक्रोसेकंद जगतो. तेवढ्यात दुसऱ्या पातळीतल्या 2s मधल्या म्युऑनवर सहा मायक्रोमीटरचा लेझर मारला. तो 2p वर गेला की लगेच खाली पडून तोच १.९ चा एक्स-रे देतो. लेझरच्या कुठल्या तरंगलांबीला हे एक्स-रे वाढतात ते बघत बघत २०१० मध्ये त्यांनी प्रोटॉनची त्रिज्या काढली, ०.८४२ फेम्टोमीटर. तोपर्यंत मान्य असलेला आकडा ०.८७७ होता. चार टक्के कमी! कित्येकांना म्युऑनचाच प्रयोग चुकला असेल असं वाटलं, पण नंतर २०१७ मध्ये जर्मनीतल्या गार्खिंगला साध्या हायड्रोजनवर केलेल्या मोजमापातही लहानच आकडा आला, आणि आज ०.८४ च धरतात.