गीतातील ‘तू’ (खान्देशी गाणी)

गाण्यात ज्याला उद्देशून बोलले जाते तो गीतातील ‘तू’. हाक एकाला आणि सांगणे दुसऱ्याला, असे गाण्यांत वारंवार घडते. त्यामुळे हाकेवर न थांबता खरा ऐकणारा शोधावा लागतो. खान्देशात याची उत्तम उदाहरणे बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या लेवा बोलीतील गाण्यांत सापडतात.

‘अरे घरोटा घरोटा, तुझ्यातून पडे पिठी’ या ओळीत हाकेपाठोपाठ ‘तुझ्यातून’ येते, म्हणजे बोलणे खरोखर जात्याशी आहे. ‘अरे संसार संसार’ हीही तशीच हाक वाटते, पण पुढे ‘तू’ येत नाही. संसाराला ‘खोटा कधी म्हनू नही’ हा उपदेश तर संसाराला करताच येणार नाही. तो समोरच्या माणसाला आहे. नुसता ‘अरे’ किंवा ‘रे’ हा पुरावा नव्हे. सोबत ‘तू’चे रूप, आज्ञार्थी क्रियापद किंवा नाव हवे.

बहिणाबाईंच्याच योगी आणि सासुरवाशिणीच्या संवादगीतात दोन ‘तू’ आहेत. सदा माहेरचे गाणे गातेस, तर सासरी आलीस कशासाठी, असे योगी विचारतो. तिथे ‘तू’ म्हणजे ती बाई. तिच्या उत्तरात ‘तू’ म्हणजे योगी:

दे रे दे रे योग्या ध्यान, ऐक काय मी सांगते
लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते

इथे ‘योग्या’ ही हाक आहे, ‘दे’ आणि ‘ऐक’ ही आज्ञार्थी रूपे आहेत. शंकेला जागा नाही. संसार सोडलेल्या पुरुषाला संसारात राहिलेली बाई कारण सांगते आहे, त्यामुळे शेवटची ओळ युक्तिवाद ठरते. घर सोडून तुला जे मिळवायचे आहे त्याच्या तोडीचे काही मी घरात राहून उभे करते, असे ती त्याला सुनावते.

हीच ओळ सुटी उचलून लेकीला ऐकवली, तर ‘तुझ्यासाठी मी इथे राहिले’ असा अर्थ होतो. त्यात माया आहे आणि लेकीवर ओझेही आहे. आपल्या आईला उद्देशून म्हटली, तर ‘तूही माझ्यासाठीच नांदलीस’ ही उशिरा आलेली जाणीव होते. एक अक्षरही बदललेले नाही. ही वाचने भावपूर्ण आहेत, पण मूळ गीतातली नव्हेत: लेक तेव्हा जन्मलेलीही नाही, ‘लेक येईल रे पोटी’ असे बाईच म्हणते. ओळ सुटी वापरली की हरवतो तो योगी, आणि त्याच्याबरोबर तिचा ठामपणाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हटल्या जाणाऱ्या अहिराणी गाण्यांत ओळीअखेर ‘वं’ येतो. ही बाईने बाईला मारलेली हाक. प्रमाण मराठीत उतरवताना बहुधा पहिल्यांदा हाच ‘वं’ गळतो आणि मग ते गाणे कोणी कोणालाही म्हणावे असे होऊन जाते.