विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन आणि त्यावरील आयकर

नोकरदार किंवा निवृत्त कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मालकाकडून (म्हणजे नोकरी देणाऱ्याकडून) कुटुंबातील व्यक्तीला दरमहा नियमित मिळणारी रक्कम म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतन. बोलण्यात त्याला फॅमिली पेन्शन म्हणतात. बहुतेक वेळा ते पत्नीला मिळते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या बाबतीत त्याचा साधारण दर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के असून त्यावर महागाई भत्ता वेगळा मिळतो. मृत्यूनंतरची पहिली काही वर्षे हा दर ५० टक्के असतो.

करदृष्ट्या पाहावयाची पहिली गोष्ट म्हणजे हे उत्पन्न कोणत्या शीर्षाखाली येते. निवृत्त माणसाला स्वतःच्या नोकरीबद्दल मिळणारे पेन्शन कायद्याने पगारच मानले जाते. पत्नीने मात्र त्या मालकाकडे नोकरी केलेली नसते. दोघांत मालक-नोकर हे नातेच नसल्यामुळे तिला मिळणारी रक्कम पगार ठरत नाही आणि ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली मोजली जाते. पेन्शनरांना मिळणारी प्रमाणित वजावट (नव्या करप्रणालीत ७५,००० रुपये, जुन्या प्रणालीत ५०,०००) फॅमिली पेन्शनला लागू होत नाही ती याच कारणाने. पेन्शन देणारी बँक यावर पगारासारखी करकपातही करत नाही. कर कापला गेला नाही म्हणजे कर नाही, असा समज अनेक घरांत असतो. तो चुकीचा आहे.

फॅमिली पेन्शनला आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ५७(iia) खाली स्वतंत्र वजावट आहे. वर्षभरात मिळालेल्या फॅमिली पेन्शनचा एक-तृतीयांश भाग किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांपैकी जे कमी असेल तेवढे वजा होते. ही कमाल रक्कम दीर्घकाळ १५,००० रुपये होती आणि जुन्या प्रणालीत आजही तेवढीच आहे. नव्या प्रणालीत २०२०-२१ पासून तीन वर्षे ही वजावट मिळतच नव्हती. २०२३-२४ मध्ये ती १५,००० रुपयांपर्यंत देण्यात आली आणि २०२४-२५ पासून मर्यादा २५,००० रुपये झाली. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर अधिनियम, २०२५ मध्येही ही तरतूद कायम आहे.

एक-तृतीयांशाची अट कागदावर मोठी वाटते, पण प्रत्यक्षात ती क्वचितच आड येते. नव्या प्रणालीत वर्षाचे फॅमिली पेन्शन ७५,००० रुपयांच्या, म्हणजे महिन्याला ६,२५० रुपयांच्या वर गेले की वजावट सरसकट २५,०००. केंद्राचे किमान फॅमिली पेन्शनच दरमहा ९,००० रुपये आहे. त्यामुळे तृतीयांश मोजावा लागतो तो खाजगी संस्थेच्या अगदी लहान पेन्शनमध्ये, नाहीतर पतीचे निधन आर्थिक वर्षाच्या अखेरीस होऊन त्या वर्षात एखाद-दोन हप्तेच हाती आले असतील तेव्हा. विमा कंपनीकडून विकत घेतलेल्या वार्षिकीचे हप्ते पतीपश्चात पत्नीला चालू राहतात. तेही इतर स्रोतांतच येतात, पण ते मालकाने दिलेले नसल्याने त्यांना ही वजावट नाही.

खरा गोंधळ होतो तो विधवा स्वतःही पेन्शनर असते तेव्हा. दोन्ही पेन्शन एकाच बँकेत, पुष्कळदा एकाच खात्यात जमा होतात आणि विवरणपत्र भरताना त्यांची बेरीज करून टाकली जाते. यात नेमके काय बिघडते हे पुढील काल्पनिक उदाहरणावरून दिसेल.

साताऱ्यातील ६६ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये त्यांचे स्वतःचे पेन्शन दरमहा ५५,००० रुपये, दिवंगत पतीचे फॅमिली पेन्शन दरमहा ४५,००० रुपये (महागाई भत्ता धरून) आणि एका बँकेतील मुदत ठेवींचे वर्षाचे व्याज १,२०,००० रुपये. नव्या प्रणालीतील हिशेब असा :

| तपशील | रुपये |
|---|---|
| स्वतःचे पेन्शन | ६,६०,००० |
| वजा : प्रमाणित वजावट | ७५,००० |
| पगार शीर्षाखाली | ५,८५,००० |
| फॅमिली पेन्शन | ५,४०,००० |
| वजा : कलम ५७(iia) | २५,००० |
| मुदत ठेवींचे व्याज | १,२०,००० |
| इतर स्रोतांखाली | ६,३५,००० |
| एकूण उत्पन्न | १२,२०,००० |

फॅमिली पेन्शनचा तृतीयांश १,८०,००० रुपये येतो. तो मर्यादेपेक्षा बराच जास्त असल्याने वजावट २५,००० धरली आहे. आता कर. पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चार लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, त्यापुढच्या चार लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि उरलेल्या २०,००० वर १५ टक्क्यांनी ३,०००. एकूण ६३,००० रुपये. उत्पन्न बारा लाखांच्या आत असते तर कलम ८७ए च्या सवलतीने कर शून्य झाला असता. बारा लाख ओलांडताच सगळा कर एकदम अंगावर पडू नये म्हणून सीमांत सवलत आहे : बारा लाखांच्या वर जेवढे उत्पन्न, त्याहून जास्त कर नाही. म्हणून कर २०,००० रुपये. त्यावर ४ टक्के उपकर ८००. देय रक्कम २०,८०० रुपये.

हीच दोन पेन्शन पगारात एकत्र दाखवली तर १२,००,००० मधून फक्त ७५,००० वजा होतात आणि व्याज मिळवून उत्पन्न १२,४५,००० होते. सीमांत सवलतीनंतर कर ४५,०००, उपकरासह ४६,८००. म्हणजे २५,००० ची वजावट हुकली आणि २६,००० रुपये जास्त गेले! बारा लाख आणि साधारण १२ लाख ७० हजार यांच्या दरम्यान वरचा प्रत्येक रुपया करातच जातो, उपकर वर. त्यामुळे एरवी किरकोळ वाटणारी ही वजावट या पट्ट्यात आपल्या रकमेपेक्षाही जास्त वाचवते.

जुन्या प्रणालीत याच बाईंना ५०,००० आणि १५,००० च्या वजावटी, व्याजाबद्दल ८०टीटीबी खाली ५०,००० आणि समजा आरोग्यविम्याचे ३०,००० मिळाले, तरी उत्पन्न ११,७५,००० राहते आणि उपकरासह कर १,६९,००० होतो. घरकर्जाच्या व्याजासारखी मोठी वजावट नसेल, तर अशा उत्पन्नाला जुनी प्रणाली परवडत नाही.

बँकेने ठेवींच्या व्याजावर १० टक्क्यांनी १२,००० रुपये कापलेले असतील. ज्येष्ठांसाठी ही कपात वर्षाला एक लाखापेक्षा जास्त व्याज झाल्यावरच होते, पण एकदा मर्यादा ओलांडली की पूर्ण व्याजावर होते. उरलेले ८,८०० रुपये विवरणपत्र भरण्यापूर्वी स्वनिर्धारण कर म्हणून भरायचे. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या साठीपुढील व्यक्तीला अग्रिम कराचे बंधन नाही, त्यामुळे वेळेत भरल्यास त्यावर व्याज लागत नाही.

ऑनलाइन आयटीआर-१ मध्ये इतर स्रोतांच्या यादीतून ‘Family pension’ हा पर्याय निवडला तरच कलम ५७(iia) च्या वजावटीची नोंद करता येते. ‘Any other’ निवडल्यास ती हुकते. थकबाकी एकदम मिळाली असेल, तर कलम ८९ ची सवलत फॅमिली पेन्शनलाही आहे, मात्र फॉर्म १०ई विवरणपत्राच्या आधी भरावा लागतो.

सशस्त्र दलांतील (निमलष्करी दले धरून) जवान वा अधिकारी कर्तव्य बजावताना युद्धसदृश कारवाईत मृत्यू पावल्यास त्याच्या विधवेचे फॅमिली पेन्शन कलम १०(१९) खाली पूर्ण करमुक्त आहे. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र मिळवलेल्यांच्या कुटुंबीयांचे पेन्शनही करमुक्त असते. अशा रकमेतून २५,००० वजा करण्याचा प्रश्नच येत नाही. ती विवरणपत्रात करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात दाखवली जाते.