वजन 62, कंबर 92

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या टॉवेल कारखान्यात हिशेब सांभाळणारे 40 वर्षांचे गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. उंची 168 सेंटिमीटर, वजन 62 किलो. मनगटं बारीक, दंड सडपातळ, गालफडं बसलेली. घरचे म्हणतात, "जरा अंगाला लागेल असं खा." बीएमआय काढला तर 62 भागिले 1.68 चा वर्ग, म्हणजे 22. भारतीयांसाठी 18 ते 22.9 हा सामान्य पट्टा धरतात, म्हणजे हे त्या पट्ट्यातच बसतात. तरी उपाशीपोटी साखर 108, तीन महिन्यांची सरासरी साखर 6.0, ट्रायग्लिसराइड 210 आणि चांगलं कोलेस्टेरॉल 34. हा माणूस उदाहरणापुरता घेतला आहे, पण असे आकडे कुठल्याही फिजिशियनच्या टेबलावर नेहमी येतात.

आता या गृहस्थांच्या कमरेला टेप लावू. पँट 32 इंची, म्हणून त्यांना वाटतं कंबर 32. पण पट्टा सुटलेल्या पोटाखालून जातो आणि 32 हे त्या खालच्या जागेचं माप असतं. खरी जागा वर आहे. शर्ट वर करा, कुशीत हात लावून शेवटची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधा आणि दोन्हींच्या मधोमध टेप धरा. टेप जमिनीला समांतर हवी, कातडीला टेकलेली पण न रुतणारी. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचा. पोट आत ओढलं तर मोजण्यात अर्थ नाही. इथे आकडा येतो 92 सेंटिमीटर. भारतीय पुरुषासाठी 90 आणि बाईसाठी 80 सेंटिमीटरच्या पुढे धोका धरतात. उंचीशी ताडून पाहिलं तरी तेच: कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी, म्हणजे 84 च्या आत.

डेक्सा म्हणजे क्ष-किरणांनी शरीरातली चरबी आणि स्नायू वेगळे मोजणारी तपासणी. तीत त्यांच्या शरीरात 30 टक्के चरबी निघाली असं धरू. म्हणजे 62 किलोंपैकी साडेअठरा किलो चरबी. त्याच उंचीच्या, त्याच वजनाच्या, पण दिवसभर गाठी उचलणाऱ्या हमालाच्या अंगात 16 टक्के असेल, तर ती होते दहा किलो. वजनकाट्याला दोघे सारखेच. मधले आठ-साडेआठ किलो एकाच्या पोटात चरबी म्हणून बसलेत आणि दुसऱ्याच्या पाठीत, मांड्यांत स्नायू म्हणून. यालाच सामान्य वजनातला लठ्ठपणा म्हणतात.

ही गोष्ट जगापुढे ठळकपणे आणली ती पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळंही मोजली होती. त्यांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5 किलो. आपल्या बाळांचे दंड बरेच बारीक होते, पण पाठीवरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे ही ठेवण पाळण्यातच दिसते. बैठं काम आणि खाणं तिच्यावर पुढचा थर चढवतात.

स्नायू कमी असण्याने साखर का वाढते? जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या सांगण्यावरून साठवणारं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठारच लहान, त्यात दिवसभर खुर्चीत बसल्याने आधीचा साठाही न वापरलेला, मग नवी साखर ठेवायची कुठे? उरलेली साखर यकृत चरबीत बदलतं आणि ट्रायग्लिसराइड वाढतात. आपल्या कातडीखाली चरबी मावण्याची जागाही तुलनेने कमी पडते. ती भरली की चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात उतरते आणि इन्सुलिनचं काम आणखी अडतं.

इथे जी चूक सर्रास होते, ती सांगायलाच हवी. रिपोर्ट बघून माणूस घाबरतो, रात्रीचं जेवण सोडतो, सोमवार-गुरुवार उपास धरतो आणि सिद्धेश्वर तलावाभोवती चकरा मारतो. दोन महिन्यांत वजन 58 होतं आणि सगळे शाबासकी देतात. पण ताकदीचा व्यायाम न करता नुसतं खाणं तोडलं, तर उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीव्यतिरिक्त ऐवज असतो आणि त्यात स्नायूही असतात. आधीच लहान असलेलं कोठार आणखी लहान झालं. पुढे वजन परत चढतं तेव्हा चढते ती बहुतेक चरबीच. चालणं चांगलंच आहे, पण चालण्याने दंड आणि पाठ भरत नाही.

म्हणून या गृहस्थांना वजन उतरवायचंच नाही. त्यांना स्नायू वाढवायचे आहेत. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, चार व्यायाम पुरेत: हात न टेकता खुर्चीतून उठबस, स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून दंड, खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून छातीकडे ओढणं आणि दोन्ही हातांत पाण्याचे कॅन धरून चालणं. पहिले तीन प्रत्येकी 8 ते 12 वेळा, अशा दोन-तीन फेऱ्या. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. बारा सहज व्हायला लागले की पाठीवर पुस्तकांची सॅक घ्या किंवा जाड पट्टा आणा. महिनोन्महिने तेच वजन, तेवढेच आकडे, इथेच बहुतेकांचं अडतं. उठताना श्वास कोंडू नका. रक्तदाब किंवा छातीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता ताट. सकाळी पोहे, दोन्ही जेवणांत दोन-दोन कडक भाकरी, पातळ वरण, थोडा भात, चमचाभर शेंगा चटणी, दिवसभरात दोन-तीन चहा. यात प्रथिनं साधारण 45 ग्रॅम भरतात. स्नायू वाढवायचे तर किलोमागे निदान एक ग्रॅम हवं, म्हणजे 62 च्या वर. वाढायला हवीत ती सतरा-अठरा ग्रॅम. दोन अंडी बारा देतात. ओंजळभर मटकीला मोड आणून उसळ केली तर सात. अंडी चालत नसतील तर पंचवीस ग्रॅम सोयावड्यांत तेरा मिळतात. वरणात डाळ दुप्पट आणि पाणी कमी, हा सगळ्यांत स्वस्त उपाय. भाकरी सोडायची गरज नाही, एखादी कमी करून उसळ वाढवा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र प्रथिनं मनाने वाढवू नयेत.

प्रगती कशी ओळखायची? चरबी दाखवणाऱ्या घरगुती काट्यावर रोज विसंबू नका. तो पायांतून बारीक वीज सोडून अंदाज बांधतो आणि शरीरातलं पाणी घटलं की चरबी वाढवून दाखवतो. मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, उन्हातून येऊन उभं राहिलात तर आकडा उगीचच घाबरवेल. वापरायचाच असेल तर सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी, आठवड्यातून एकदा. त्यापेक्षा टेप बरी: दर पंधरा दिवसांनी कंबर आणि पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजून वहीत लिहा. कंबर घटली, पोटरी तेवढीच राहिली किंवा वाढली आणि वजन 62 वरच अडकलं, तर काम बरोबर चाललंय. वजन आणि पोटरी दोन्ही घटत असतील, तर खाणं कमी पडतंय. काही न करता वजन भराभर उतरत असेल, तहान आणि लघवी वाढली असेल, तर ते वेगळंच दुखणं, त्याच आठवड्यात साखर तपासा.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी तीन महिने पुरे झाल्यावरच पुन्हा करा, कारण लाल पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि त्याआधी आकडा पुरता बदललेला नसतो. डेक्सा सहा महिन्यांच्या आत परत करू नका, एवढ्या लहान फरकात यंत्राची चूक आणि खरा बदल वेगळा काढता येत नाही. केंद्रावर आधी फोन करून "पूर्ण शरीराची, चरबी आणि स्नायू वेगळे दाखवणारी" तपासणी हवी असं नीट सांगा, नाहीतर मणका आणि खुब्याच्या हाडांचा रिपोर्ट हातात येईल.