हेसचा नियम: समीकरणे उलटवून व गुणून अभिक्रियेची एन्थाल्पी काढणे

ठाणे आणि नवी मुंबईतल्या स्वयंपाकघरांत नळीने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो. तो जळताना किती उष्णता निघते हे कॅलरीमापीत मोजता येते. पण कार्बन आणि हायड्रोजनपासून मिथेन तयार होतानाची एन्थाल्पी तशी मोजता येत नाही, कारण ही दोन्ही मूलद्रव्ये एकत्र ठेवली तरी नुसते मिथेन सरळ बनत नाही. अशा वेळी जर्मेन हेस यांनी १८४० मध्ये मांडलेला नियम कामी येतो: अभिक्रिया कोणत्याही टप्प्यांनी झाली तरी सुरुवात आणि शेवट तेच असतील, तर एन्थाल्पीतला एकूण बदल तोच राहतो.

हवे आहे C(s) + 2H₂(g) → CH₄(g). माहीत आहेत ती तीन ज्वलने, २५ अंश सेल्सिअसला, किलोज्यूलमध्ये:

```
(1) C(s) + O2(g) → CO2(g)                 -393.5
(2) H2(g) + 1/2 O2(g) → H2O(l)            -285.8
(3) CH4(g) + 2 O2(g) → CO2(g) + 2 H2O(l)  -890.3
```

पहिले समीकरण जसेच्या तसे ठेवायचे. हायड्रोजनचे दोन मोल हवेत, म्हणून दुसरे दोनाने गुणायचे. त्याबरोबर एन्थाल्पीही दुप्पट होऊन −५७१.६ होते. मिथेन उजवीकडे हवा, म्हणून तिसरे उलटवायचे आणि चिन्ह बदलून +८९०.३ घ्यायचे. आता आकडे मिळवण्याआधी पदार्थ खोडून पाहावेत. डावीकडे ऑक्सिजन एक आणि एक असे दोन मोल आहेत, उलटवलेल्या तिसऱ्यात ते उजवीकडे दोन, सगळे उडतात. CO₂ आणि पाणीही उडते. हवे ते समीकरण उरले, तरच बेरीज करायची: −३९३.५ − ५७१.६ + ८९०.३ = −७४.८ किलोज्यूल प्रतिमोल.

दुसरे समीकरण गुणले पण त्याची एन्थाल्पी गुणायची राहिली, तर उत्तर +२११.० येते. ही चूक खोडाखोडीत सापडत नाही, कारण समीकरण बरोबरच असते; म्हणून प्रत्येक आकडा त्याच्या समीकरणासमोरच लिहावा.

पाण्याची अवस्था मात्र सहज नजरेतून सुटते. दुसऱ्या समीकरणात वाफेची किंमत (−२४१.८) घेतली, तर उत्तर +१३.२ येते, म्हणजे चिन्हच पालटते. नुसते H₂O लिहिले की वाफ आणि पाणी बिनदिक्कत एकमेकांना खोडतात. (g) आणि (l) लिहिले असेल तर खोडताना हात थांबतो. कार्बनही ग्रॅफाइटच हवा. हिरा घेतला तर सुमारे १.९ किलोज्यूलचा फरक पडतो.

शिवाय हे उत्तर मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून आलेले असते. ८९०.३ मध्ये ०.१ टक्का चूक झाली, तर −७४.८ मध्ये ती एक टक्क्याहून जास्त दिसते.

शेगडीवर पाणी वाफ होऊनच निघून जाते. म्हणून तिसऱ्या समीकरणात H₂O(l) → H₂O(g), +४४.० हे दोनाने गुणून मिळवले, की बर्नरला लागू पडणारा आकडा मिळतो: −८०२.३.