हरत्या डावातील शेवटची पळवाट: ‘जिच’ आणि साव्हेद्राची स्थिती

सांगलीत उन्हाळी सुट्टीत भरणाऱ्या बुद्धिबळ स्पर्धांच्या सभागृहात लहान गटाच्या टेबलांजवळ तासभर उभे राहिले, की एक दृश्य हमखास दिसते. एका मुलाकडे राजा आणि वजीर असतो, समोरच्याकडे फक्त राजा, आणि तो राजाही ए८ च्या कोपऱ्यात कोंडलेला. वजीरवाला मुलगा उत्साहाने वजीर बी६ वर आणून ठेवतो आणि घड्याळ दाबतो. समोरचा मुलगा थोडा वेळ पटाकडे पाहतो, मग हात वर करून पंचांना बोलावतो. कोपऱ्यातल्या राजाला शह नाही, पण ए७, बी७ आणि बी८ ही तिन्ही घरे वजिराने रोखलेली आहेत आणि हलवायला दुसरे एकही मोहरे नाही. डाव तिथेच संपतो आणि दोघांना अर्धा-अर्धा गुण मिळतो. नूतन बुद्धिबळ मंडळामुळे आणि भाऊसाहेब पडसलगीकरांनी रुजवलेल्या स्पर्धांच्या परंपरेमुळे या गावात बुद्धिबळ घरोघरी पोचले असले, तरी हा प्रसंग दर वर्षी नव्या मुलांच्या वाट्याला येतोच. वजीर कोपऱ्यातल्या राजापासून घोड्याच्या चालीइतक्या अंतरावर, म्हणजे बी६ किंवा सी७ वर, शह न देता आला की हा धोका उभा राहतो, एवढी खूण लक्षात ठेवली तरी बहुतेकांचे अर्धे गुण वाचतात.

या स्थितीला आज सर्रास ‘स्टेलमेट’ म्हणतात. जुना मराठी शब्द ‘जिच’, तो फारसीतून आला. ती बरोबरी मानली जाते हे आपण गृहीत धरतो, पण हा नियम फार प्राचीन नाही आणि सगळीकडे एकसारखाही नव्हता. नवव्या शतकातील अरबी खेळाडू अल-अदली याने हिंदुस्थानी आणि अरबी खेळांतील फरक नोंदवताना म्हटले आहे, की हिंदुस्थानात ज्याच्या राजाची अशी कोंडी होते तो जिंकतो. अरबी शतरंजमध्ये नेमके उलटे होते: कोंडी करणारा जिंकत असे. स्पेनमध्ये बुद्धिबळावर पुस्तक लिहिणाऱ्या ल्युसेनाच्या काळी, म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीस, हा कमी प्रतीचा विजय धरत आणि पैसे लावून खेळताना त्याला पैजेची अर्धीच रक्कम मिळे. इंग्लंडमध्ये साधारण 1600 ते 1800 या काळात कोंडी करणाऱ्यालाच पराभूत मानत. बरोबरीचा नियम इटली आणि फ्रान्समध्ये आधीच स्थिरावलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सॅरट या इंग्रज खेळाडूने नियमांची फेरमांडणी केली आणि बरोबरीचा नियम लंडनमध्येही रूढ झाला.

हा तपशील केवळ कुतूहलाचा नाही. कोंडी करणारा जिंकतो असा नियम असेल, तर दुबळ्या बाजूने मुद्दाम आपली कोंडी करून घेण्यात अर्थच उरत नाही. कोंडी झालेलाच जिंकतो असे असेल, तर ती युक्ती पळवाट राहत नाही, थेट विजयाचे साधन बनते. हरत्या बाजूने उरलेले मोहरे बळी देऊन अर्धा गुण वाचवण्याची कला बरोबरीच्या नियमातच जन्मते, आणि म्हणूनच तिची उत्तम उदाहरणे प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतर सापडतात. त्यांपैकी चारच मोहऱ्यांचे एक उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यात युक्तीही आहे आणि युक्तीवरचा उताराही.

1875 मध्ये लंडनला पॉटर आणि फेंटन यांच्यात झालेला एक डाव बरोबरीत सुटला. त्याच्या अंतिम स्थितीत पांढऱ्याकडे राजा आणि पुढे सरकलेले एक प्यादे, तर काळ्याकडे राजा आणि हत्ती होता, आणि पांढरा खरे तर जिंकू शकत होता हे त्या काळचा नामांकित खेळाडू झुकरटोर्ट याने लगेच दाखवून दिले. पुढे वीस वर्षांनी, 1895 मध्ये, ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बुद्धिबळाचे सदर चालवणाऱ्या बार्बिएने त्या डावाच्या आठवणीवरून एक कोडे मांडले. त्यात काळा राजा ए१ च्या कोपऱ्यात होता, आणि बार्बिएचा दावा असा, की या जागी काळा कोंडीची युक्ती करून बरोबरी साधतो.

पटावर मांडून पाहावे. पांढरा राजा बी६ वर आणि प्यादे सी६ वर, काळा राजा ए१ वर आणि हत्ती डी५ वर, खेळी पांढऱ्याची. प्यादे सी७ वर जाते. ते पुढच्या खेळीत वजीर होणार असल्यामुळे काळ्याला सतत शह देत राहण्यावाचून पर्याय नाही, म्हणून हत्ती डी६ वर शह देतो. आता पांढऱ्या राजाने कुठे जावे? बी७ वर गेला तर हत्ती डी७ वर येऊन प्याद्याला राजाच्या रेषेत जखडतो आणि पुढे ते मारतो. सी५ वर गेला तर हत्ती डी१ वर उतरतो, आणि प्याद्याचा वजीर होताच सी१ वरून शह देऊन राजामागचा वजीर उचलतो. म्हणून राजाने बी५ वरच यायला हवे. पुढेही तेच: हत्ती डी५, राजा बी४, हत्ती डी४, राजा बी३, हत्ती डी३. राजा सी-पट्टीला हात न लावता एकेक घर खाली सरकतो, आणि डी३ वरच्या शहानंतर पहिल्यांदाच सी२ वर पाऊल टाकतो. इथे मात्र सी-पट्टी धोक्याची नाही, कारण डी१ आणि सी१ ही दोन्ही घरे आता राजाच्याच ताब्यात आहेत, हत्तीला तिथे उतरता येत नाही. शहांची मालिका इथे तुटते.

आता काळ्याची खरी चाल येते: हत्ती डी४. वरवर पाहता ती निरर्थक वाटते, कारण पांढऱ्याने प्याद्याचा वजीर केला की डाव संपला असे कुणालाही वाटेल. पण वजीर होताच हत्ती सी४ वर येऊन शह देतो. पांढऱ्याने तो न मारता राजा हलवला तर वजीर जातो आणि पांढरा उलट हरतो. मारला तर वजीर सी४ वर येतो, तिथून तिरक्या रेषेने ए२ हे घर अडवतो, बी१ आणि बी२ राजाच्या ताब्यात असतात, आणि काळ्या राजाला शह नसूनही हलायला घर उरत नाही. बार्बिएची युक्ती ती हीच.

ग्लासगोत राहणारे स्पॅनिश धर्मगुरू फादर साव्हेद्रा यांना याच स्थितीत एक फट दिसली. प्याद्याचा वजीर न करता हत्ती करावा. आता काळ्याने सी४ वर हत्ती दिला आणि पांढऱ्याने तो मारला, तरी हत्ती तिरका पाहत नाही, त्यामुळे ए२ मोकळे राहते आणि कोंडी होत नाही. शिवाय नवा हत्ती ए८ वर येऊन मात करण्याची धमकी देतो. ती अडवायला काळ्याचा हत्ती ए४ वर येण्यावाचून दुसरी वाट नाही, आणि त्यावर पांढरा राजा बी३ वर येतो: एकीकडे ए४ वरच्या हत्तीवर हल्ला, दुसरीकडे सी१ वर मात. दोन्हींवर एकाच खेळीत उपाय नाही. साव्हेद्रा हे काही नामवंत खेळाडू नव्हते. त्यांचे नाव बुद्धिबळाच्या इतिहासात या एकाच चालीने टिकले.

इथे आपल्याकडच्या देशी खेळाचा विचार केल्यावाचून मला राहवत नाही. देशी पद्धतीत अनेक ठिकाणी शेवटच्या रांगेत पोचलेले प्यादे ज्या घराचे असेल त्या घरच्या मोहऱ्याचा मान घेत असे, खेळणाऱ्याच्या पसंतीला त्यात जागा नव्हती. सी-पट्टी उंटाची. तिथे पोचलेल्या प्याद्याचा उंट झाला असता, आणि राजा व एकटा उंट यांनी मात होतच नाही. साव्हेद्राची चालही नाही आणि बार्बिएची युक्तीही नाही. युक्त्या नियमांच्या सांध्यांतून निघतात, हे यावरून जितके स्पष्ट होते तितके नियमपुस्तक वाचून होत नाही.

अभ्यासाच्या कोड्यातली युक्ती प्रत्यक्ष डावात कशी येते, याचे विसाव्या शतकातील सर्वांत गाजलेले उदाहरण 1963-64 च्या अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धेतील आहे. बॉबी फिशरने अकरापैकी अकरा गुण मिळवले तीच ही स्पर्धा. लॅरी एव्हान्सची स्थिती सॅम्युएल रेशेव्स्कीविरुद्ध पूर्ण हरलेली होती. त्याने एच-पट्टीतले प्यादे एच४ वर रोवले, जेणेकरून समोरच्या प्याद्याला भिडून ते अडून बसेल, आणि राजा कोपऱ्यात जाऊ दिला. रेशेव्स्कीने घाईने जी३ वरचे प्यादे वजिराने मारले. तेव्हा पांढऱ्याकडे, म्हणजे एव्हान्सकडे, राजा आणि अडलेली प्यादी यांखेरीज फक्त वजीर आणि हत्ती उरले होते. एव्हान्सने आधी जी८ वर वजीर देऊन शह दिला, राजाने तो मारताच जी७ वर हत्ती देऊन पुन्हा शह दिला. हा हत्ती कशानेही मारला तरी पांढऱ्याला चाल राहत नाही, आणि न मारावा तर तो सातव्या रांगेतून राजाचा पिच्छा सोडत नाही. डाव बरोबरीत सुटला. अशा हत्तीला आपल्याकडे ‘पिसाळलेला हत्ती’ म्हणायला हरकत नाही.

अशी संधी आधी ओळखायची झाल्यास तीनच गोष्टी पाहाव्या लागतात. आपल्या राजाला जायला एकही घर नाही ना; आपली सगळी प्यादी अडलेली आहेत का; आणि उरलेली मोहरी शह देत देत देऊन टाकता येतील का. पहिल्या दोन गोष्टी जुळल्या आणि तिसरी चुकली तर युक्ती फसते. पिसाळलेल्या हत्तीच्या बाबतीत ती फसण्याचे नेहमीचे कारण असे, की समोरचा राजा पळत पळत अशा घरावर पोचतो, जिथे हत्तीचा शह मारताना राजाला कोंडणारे एखादे मोहरे आपल्या जागेवरून हलते आणि कोंडी सुटते. जिंकणाऱ्या बाजूनेही हेच उलट्या बाजूने पाहावे लागते: समोरच्याकडे एखादे हलते प्यादे शिल्लक असेल, तर ते मारण्याची घाई करू नये. ते प्यादे मेले की त्याच्या राजाची कोंडी होऊन डाव बरोबरीत सुटण्याची शक्यता उघडते, आणि वरच्या दृश्यातल्या मुलासारखा वजीर बी६ वर ठेवण्याचा मोह मग महागात पडतो.