51 संख्या आणि 50 खण

1 ते 100 मधल्या कोणत्याही 51 संख्या निवडा. त्यांत अशा दोन संख्या सापडतीलच, की एकीने दुसरीला निःशेष भाग जातो. निवड तुमची, कितीही चलाखीने करा, यातून सुटका नाही. ऑलिंपियाडची तयारी सुरू करणाऱ्या मुलांसमोर मी हे उदाहरण ठेवतो, कारण पिजनहोल तत्त्व पाठ असूनही गाडी कुठे अडते, ते इथे लगेच कळतं.

तत्त्व एका ओळीचं आहे. खणांपेक्षा वस्तू जास्त असतील, तर कुठल्या तरी खणात किमान दोन वस्तू जातात. इथे वस्तू 51 आहेत, म्हणजे खण 50 हवेत. पण कसले खण? प्रश्नात ते कुठेच दिलेले नाहीत. ते आपण घडवायचे असतात, आणि सगळी कसोटी तिथेच लागते.

आधी सोपा भाऊ पाहू. 51 संख्यांत दोन संख्या अशा असतातच, की त्यांना 1 सोडून सामाईक विभाजक नाही. गणितज्ञ पॉल एर्डोश यांनी 1959 मध्ये हाच प्रश्न, 1 ते 2n मधल्या n+1 संख्यांसाठी, लायोश पोशा या बारा वर्षंही पूर्ण न झालेल्या मुलाला घातला आणि त्याने तो तिथल्या तिथे सोडवला. (1, 2), (3, 4), … (99, 100) असे 50 खण करा. कुठल्या तरी खणातल्या दोन्ही संख्या निवडाव्याच लागतात, आणि लागोपाठच्या दोन संख्यांना 1 शिवाय सामाईक विभाजक नसतो.

भागाकाराच्या प्रश्नाला मात्र हे खण चालत नाहीत. 7 आणि 8 एका खणात आले, तरी हाती काही लागत नाही. मग काही जण 2 च्या पटींचा एक खण, 3 च्या पटींचा दुसरा, असं करू पाहतात. त्यात 6 दोन्हीकडे जातो, आणि एकाच खणातल्या 4 आणि 6 पैकी कोणीच दुसऱ्याला भागत नाही. खणाकडून आपली अपेक्षा नेमकी सांगता आली पाहिजे: एका खणातल्या *कोणत्याही* दोन संख्या घेतल्या, तरी लहान संख्येने मोठीला भाग गेलाच पाहिजे.

अशी साखळी सहज सुचते ती दुप्पट करत गेल्यावर: 3, 6, 12, 24, 48, 96. प्रत्येक संख्येला 2 ने भाग जाईल तितका देत राहिलं, की शेवटी एक विषम संख्या उरते. 96 मधून 3 उरतो, 40 मधून 5, आणि 77 स्वतःच उरतो. ज्यांचा उरलेला विषम भाग सारखा, त्या संख्या एका खणात. 100 पर्यंत विषम संख्या 50, म्हणून खण बरोबर 50! 51 संख्यांपैकी दोन एकाच खणात येणार, आणि त्यांच्यात फरक फक्त 2 च्या घाताचा असल्याने लहान संख्या मोठीला भागणार.

लहान आकड्यांवर करून बघा. 1 ते 10 मधून 4, 5, 6, 7, 9, 10 घेतले, तर विषम भाग अनुक्रमे 1, 5, 3, 7, 9, 5 येतात. 5 दोनदा आला, म्हणून जोडी 5 आणि 10.

50 संख्यांवर मात्र हे विधान कोसळतं. 51 ते 100 घ्या. यातल्या सर्वांत लहान संख्येची दुप्पटही 102 होते, म्हणून कोणीच कोणाला भागत नाही. इथेच उत्तरपत्रिकेत एक नेहमीची चूक दिसते: ‘सर्वांत वाईट निवड 51 ते 100 ची, तिच्यात आणखी एक संख्या घातली की जोडी मिळते, म्हणून सिद्ध.’ ही सिद्धता नाही. हीच निवड सर्वांत वाईट कशावरून? बाकी असंख्य निवडींबद्दल त्यात एक शब्दही नाही. खणांचा युक्तिवाद सगळ्या निवडींना एकाच वेळी लागू होतो.

1972 च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचा पहिला प्रश्न याच वळणाचा आहे. कोणत्याही 10 वेगवेगळ्या दोन अंकी संख्यांतून, एकही संख्या सामाईक नसलेले आणि सारख्या बेरजेचे दोन गट काढता येतात, हे सिद्ध करायचं. इथे वस्तू म्हणजे संख्या नव्हेत, गट. रिकामा गट वगळून ते 2¹⁰ − 1 = 1023 होतात. बेरजा हे खण. सर्वांत मोठी बेरीज 90 ते 99 ची, म्हणजे 945. तेव्हा खण 945 हून जास्त नाहीत. दोन गटांची बेरीज सारखी येणारच. त्यांच्यात सामाईक संख्या असल्या, तर दोन्हीकडून काढून टाका. बेरजा सारख्याच राहतात, आणि गट वेगळे असल्याने दोन्हीही रिकामे होत नाहीत.

ते दोन गट कोणते, हे या सिद्धतेतून कळत नाही. 9 संख्या घेतल्या तर गट 511 आणि मोठ्यात मोठी बेरीज 855, म्हणजे ही मोजणी काहीच सांगत नाही. तरीही विधान 9 साठी खरं आहे. ते दाखवायला वेगळा युक्तिवाद लागतो. 8 वर मात्र ते खोटं ठरतं: 40, 60, 71, 77, 80, 82, 83, 84 यांतून सारख्या बेरजेचे दोन गट निघतच नाहीत.